गाडीची उजवी बाजू

गाडी लिफ्टवर चढून डोक्यावर गेली की बहुतेक माणसं दोन पावलं मागे सरतात. थोरली पुढे सरायची. कपाळावरचा दिवा लावायची, मान मागे टाकायची आणि गाडीचं पोट वाचायला लागायची. लोक गाडी घेताना रंग बघतात, चाकं बघतात, दार लावून आवाज ऐकतात. खाली वाकून कुणी बघत नाही. गंज मात्र खालूनच येतो आणि दाराशी पोचेपर्यंत कुणाला पत्ता लागू देत नाही.

वजनकाट्याच्या मागे, टायरवाला आणि काचवाला यांच्या मधल्या गाळ्यात तिचं वर्कशॉप होतं. गाडीच्या खालच्या अंगाला कोटिंग मारणं, पोकळ भागांत मेण भरणं, गंजलेला पत्रा वेळेत बदलून घेणं, एवढंच काम ती करायची. इंजिनाला हात लावायची नाही. "मला गाडीतलं काही कळत नाही, फक्त तिची कातडी कळते," असं सांगायची. वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरणारे, पण पिचकारी धरलेला हात असा स्थिर की शेजारचा काचवाला म्हणायचा, या बाई भूकंपातसुद्धा सरळ रेघ मारतील.

थोरली हे काही तिचं नाव नव्हे. ती घरातली थोरली सून, म्हणून थोरली. पुढे कारखान्यातही तेच नाव चिकटलं, कारण तिच्याबरोबर तिची जाऊही तिथे लागली आणि ती अर्थातच धाकटी झाली.

तो गाड्यांचा कारखाना गावाबाहेर नवा उभा राहिला, तेव्हा थोरली बत्तीस वर्षांची होती आणि धाकटीचं लग्न होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. पेंटशॉपला बायका हव्यात अशी बातमी आली. सासूबाई म्हणाल्या, "रंगवायचंय काय, गाड्याच ना? घराच्या भिंती तरी कुठे रंगवल्यात यांनी." तरी दोघी गेल्या. तिथे एका लांबुळक्या पत्र्यावर खडूची रेघ मारून ठेवली होती. हातात जाड मलमाची पिचकारी दिली आणि सांगितलं, या रेघेवरून न थांबता सारख्या जाडीची वळी काढा. थोरलीने श्वास रोखून काढली, रूळ ठेवल्यासारखी. धाकटी शिवणकाम करणारी. तिने हसत हसत काढली आणि शेवटी हात उचलताना सवयीने एक छोटंसं वळण दिलं, दोरा तोडताना देतात तसं. दोघींची निवड झाली.

त्यांना शिकवायला एक म्हातारे मास्तर होते. आयुष्यभर जहाजांच्या गोदीत काम करून आलेले, समुद्राशी जुनं वैर असलेले. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर मिठाच्या पाण्याचे दोन पेले ठेवले. एकात नुसता खिळा टाकला. दुसऱ्यातही तसाच खिळा, पण त्याला जस्ताच्या पत्र्याची पट्टी घट्ट गुंडाळलेली. आठवड्याने पाहिलं तर पहिल्या पेल्यातलं पाणी लालभडक, खिळ्यावर गंजाचे पापुद्रे. दुसऱ्यातला खिळा होता तसा. जस्ताची पट्टी मात्र पांढरी, खरबरीत, जागोजागी खाल्लेली.

"गंजणं ही लोखंडाची खोड आहे, ती मोडता येत नाही," मास्तर म्हणाले. "जस्त चिकटून असलं की पाणी आधी त्याला खातं. जस्त संपेपर्यंत लोखंड सुरक्षित. म्हणून आपला पत्रा येतानाच जस्ताची आंघोळ करून येतो. त्यावर ओरखडा पडला, लोखंड जरा उघडं पडलं, तरी आजूबाजूचं जस्त त्याच्या वाटचं मरण आपल्यावर घेतं."

"म्हणजे घरातल्या थोरल्या सुनेसारखं," धाकटी हळूच म्हणाली.

मास्तरांना ऐकू गेलं. "बरोबर. आणि म्हणूनच थोरल्या सुनेवर सगळा भार टाकून चालत नाही. जस्त संपतं. त्याच्यावर आणखी थर चढवायचे, म्हणजे पाणी त्याच्यापर्यंत पोचायलाच नको."

ते थर थोरलीला पुढे आयुष्यभर तोंडपाठ राहिले. डोळे मिटले तरी ती ओळ तिला दिसायची. वेल्डिंग होऊन आलेल्या करड्या, उघड्या बॉड्या साखळीला लटकत यायच्या. आधी धुवून निघायच्या, तेलाचा डाग राहिला तर पुढचं सगळं फुकट. मग फॉस्फेटच्या पाण्यातून जायच्या, त्याने पत्र्यावर बारीक दाणेदार थर बसायचा. "गुळगुळीत भिंतीला गिलावा धरत नाही, म्हणून खरवडतात ना, तसं," मास्तर सांगत. मग तो मोठा हौद. अख्खी बॉडी नाकासकट रंगात बुडायची आणि हौदात वीज सोडलेली असायची. विजेच्या ओढीने रंग पत्र्याला जाऊन बसायचा. जिथे कुणाचा ब्रश गेला नसता अशा दारांच्या पोटात, खांबांच्या पोकळीत, सांध्यांच्या कोपऱ्यात. तिथून भट्टी. भट्टीतून बाहेर आली की बॉडी या दोघींसमोर.

दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढतात तो सांधा बुजवणं हे त्यांचं काम. थोरली ओळीच्या उजव्या अंगाला उभी, धाकटी डाव्या अंगाला. मधून बॉडी सरकत जायची. नव्वद सेकंदात आपापल्या बाजूचे सांधे संपवायचे. खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून एकमेकींची तोंडं दिसायची. घरात सासूबाईंसमोर जे बोलता यायचं नाही ते सगळं त्या चौकटीतून बोलून व्हायचं, नव्वद सेकंदांच्या तुकड्यांत. एखादी गोष्ट सात गाड्या चालायची. धाकटीला दिवस गेल्याचं थोरलीला पुढे लाल होणाऱ्या एका गाडीच्या सांगाड्यातून कळलं आणि त्या दिवसात थोरलीची तेवढी एकच वळी वाकडी गेली. पुसून पुन्हा काढावी लागली.

त्यांच्यापुढे दोन पुरुष गाडीच्या पोटाला खडीचा मार सोसणारा रबरासारखा जाड थर मारायचे. मग प्रायमर, मग रंग, मग वरचा पारदर्शक क्लिअर कोट. अगदी शेवटी पोकळ भागांत नळी घालून मेण. पत्र्यावरचे रंगाचे सगळे थर मिळून वहीच्या एका पानाएवढी जाडी. एवढ्याशा पानावर पंधरावीस वर्षांचं ऊनपाणी झेलायचं असतं, हे थोरलीला तेव्हाही खरं वाटायचं नाही.

पेंटशॉपचे नियम सोवळ्यासारखे. केसांना तेल नाही, तोंडाला पावडर नाही, हाताला क्रीम नाही. त्यातला एक कण रंगात गेला तर रंग तिथून दूर पळतो आणि बशीसारखा खड्डा पडतो. एकदा सलग चौदा बॉनेटवर असे खड्डे पडले. सगळ्या बायकांना रांगेत उभं करून विचारपूस झाली. हात हुंगून पाहिले. धाकटीला हसू आवरेना, म्हणून तिच्यावर संशय जास्त. शेवटी मास्तर चौकशी करणाऱ्या साहेबांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि खाली बघून म्हणाले, "साहेब, बूट छान चमकतायत. फवारा मारून पॉलिश केलेत का?" साहेब त्यानंतर महिनाभर काचेपलीकडूनच बघत. हा किस्सा दोघी जावा पुढे कितीदा सांगायच्या, आणि दर वेळी बूट आणखी चमकायचे.

बारा वर्षांनी कारखाना बंद झाला. दोघींनी मिळून वजनकाट्यामागचा गाळा घेतला. काम तेच, फक्त आता जुन्या गाड्या. सवयही तीच: थोरली उजवीकडून, धाकटी डावीकडून, मधे गाडी. कारखान्यात शेवटची चार वर्षं थोरलीने तपासनीसाचं काम केलं होतं, त्यामुळे गाळ्यातही शेवटचा शब्द तिचाच. धाकटी बोलघेवडी, हसरी. गिऱ्हाईक तिच्याशी बोलायचं आणि थोरलीला घाबरायचं.

तिसऱ्या वर्षी एक व्हॅनवाला आला. दोन वर्षांपूर्वी इथेच त्याने व्हॅनला खालून कोटिंग करून घेतलं होतं. आता दाराखालची सिल, म्हणजे उंबरठ्याखाली गाडीच्या लांबीएवढी जाणारी पत्र्याची पोकळ पेटी, आतून सडून हाताने तुटत होती. सिलच्या तळाला बारीक फटी असतात. आत शिरलेलं पाणी त्यांतून गळून जावं म्हणून त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्या फटी काळ्या कोटिंगने बुजल्या होत्या. पाणी आतच तुंबलं आणि वरून छान दिसणाऱ्या सिलला पोटातून खाऊन बसलं.

व्हॅनवाला तावातावाने बोलत होता, आजूबाजूचे गाळेवाले जमले होते. थोरलीचा चेहरा उतरला. तिच्या आयुष्यात तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. ती धाकटीकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "गप्पा मारत काम केलं की असं होतं. हा तुझाच हात."

धाकटीचं हसू गेलं. ती एवढंच म्हणाली, "ताई, बाजू कुठली ते तरी बघा."

थोरलीने बघितलं नाही. पुन्हा म्हणाली, "मला शिकवू नकोस."

धाकटीने एप्रन काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. महिन्याभरात तिचं बिऱ्हाड गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. भाऊ भाऊ भेटत राहिले. जावा मात्र भेटल्याच तर चार माणसांत, "बरी आहेस ना" आणि "बरी आहे" यापुढे गाडी गेली नाही. धाकटीने तिकडे गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचं दुकान काढलं, असं थोरलीच्या कानावर आलं. अशी अकरा वर्षं गेली.

आणि एका मंगळवारी नर्सबाई आल्या.

नर्सबाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. त्यांची छोटी निळी गाडी सव्वीस वर्षांची. त्याच कारखान्यातली, तीही पहिल्याच वर्षातली. ती घेऊन त्या मिठागरांच्या रस्त्याने वस्त्या-वस्त्यांवर बाळंतपणं करायला जायच्या. किती मुलं त्या गाडीच्या येण्यावर या जगात आली याचा हिशेब नव्हता. एक तर मागच्या सीटवरच आलं होतं.

"परवा चढताना उंबरठा पायाखाली दबला," नर्सबाई म्हणाल्या. "भंगारवाला म्हणतो, द्या आता. मुलगा म्हणतो, द्या. मी म्हटलं, आधी थोरल्या बाईंना दाखवते. तुम्ही नाही म्हणालात तर देते."

थोरलीने गाडी वर घेतली. दिवा लावला. कारखान्यातली इतकी जुनी गाडी तिच्या हातात बऱ्याच वर्षांनी आली होती. डाव्या बाजूने सुरुवात केली. चाकाच्या कमानीत दगडाने रंग उडवला होता, पण तिथे लाल नव्हतं, पांढरट भुकटी होती. जस्त अजून मरत होतं, लोखंडाला हात लागू देत नव्हतं. सव्वीस वर्षांनीसुद्धा. तिने अंगठ्याने भुकटी पुसली आणि तिला मास्तरांचा पेला आठवला.

मग कमानीच्या वरच्या सांध्यावर दिवा फिरवला आणि तिचा हात थांबला. मळाखाली सांध्याची वळी अखंड होती आणि तिच्या शेवटाला एक छोटंसं वळण होतं. दोरा तोडताना देतात तसं.

थोरली तशीच उभी राहिली. त्या वळणापलीकडे तिला खिडकीची रिकामी चौकट दिसली, चौकटीत धाकटीचं तोंड, टोपीतून सुटलेली एक बट, आणि अर्धी राहिलेली कुठलीशी गोष्ट.

डाव्या सिलच्या फटी मोकळ्या होत्या. रबरी बूच काढून तिने आत कॅमेऱ्याची नळी घातली. आत मधासारखं पिवळं मेण, पत्रा धडधाकट. मग ती उजवीकडे गेली. उजवी सिल स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आत गेली, ओल्या पुठ्ठ्यासारखी. तळाच्या पाच फटींपैकी चार काळ्या कोटिंगखाली बुजलेल्या होत्या. बुजलेल्या जागी टोचलं, तर गंजाचं तांबडं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"हे कोटिंग कुठे केलं होतंत?" थोरलीने विचारलं. तिला उत्तर माहीत असावं, कारण तिने नर्सबाईंकडे न बघता विचारलं.

"इथेच की. बारा वर्षं झाली असतील. मी त्या बाकावर बसले होते. तुम्ही दोघी होतात. तुम्ही या बाजूला," नर्सबाईंनी उजवीकडे बोट दाखवलं, "आणि त्या हसऱ्या बाई पलीकडे. त्या आधी प्रत्येक भोकात कापसाची वात घालत होत्या आणि नंतर मोजून काढत होत्या. मी विचारलं, कशाला? तर म्हणाल्या, नाक बुजलं तर माणूस जगतो का?"

थोरली बाकावर येऊन बसली. धाकटी आधी वाती घालायची, मग फवारायची. ती स्वतः आधी फवारायची आणि नंतर तारेने फटी मोकळ्या करायची. त्यात वेळ कमी जातो, म्हणून. तार फिरवायची राहिली तर फटी बुजलेल्याच राहणार. तिच्या मते ती कधीच राहिली नव्हती.

ती व्हॅन तिने डोळ्यांसमोर आणली. व्हॅनवाला कुठे उभा होता? ड्रायव्हरच्या दाराशी. हाताने पत्रा तोडून दाखवत होता तो उंबरठा त्याचाच होता, उजव्या बाजूचा. डावीकडे कुणी गेलंच नव्हतं, कारण डावीकडे काही झालंच नव्हतं.

"नर्सबाई," ती म्हणाली, "हे माझ्या हाताने झालंय. भंगारात देऊ नका. मी दुरुस्त करून देते, आणि त्याचं काही घेणार नाही. पण आठ दिवस द्या."

नर्सबाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. पेशंटकडे बघायची सवय असलेले डोळे ते. "आठ काय, दहा घ्या," म्हणाल्या. "तुमचं तोंड का पडलंय एवढं? पत्राच आहे ना?"

संध्याकाळी घरी थोरलीने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो डेपोतून निवृत्त झालेला, मोजून बोलणारा माणूस. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला वाटलेलंच."

"काय वाटलेलं?"

"की बाजू बघितली असतीस तर बरं झालं असतं. पण तू तेव्हा घरातही तपासनीस होतीस. कोण बोलणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. दुकान लहान, काळ्या-करड्या रेक्झिनच्या गुंडाळ्या भिंतीला टेकलेल्या. धाकटी मशीनवर बसली होती. चष्मा लागला होता. कानापाशी पांढरं झालं होतं. थोरलीला पाहून तिने मशीन थांबवलं नाही, शिवण संपवली, दोरा तोडला आणि मग मान वर केली.

"या. बसा. सीट कव्हर हवंय?"

"नाही." थोरली उभीच राहिली. वाटेत तिने बरीच वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आठवेना. "व्हॅनची उजवी बाजू होती," ती म्हणाली. "माझी होती ती."

धाकटीने टेबलावरची कात्री उचलून दुसरीकडे ठेवली.

"तू म्हणाली होतीस बाजू बघा म्हणून. मी बघितली नाही. सगळ्यांसमोर तुला बोलले. नर्सबाईंची निळी गाडी आलीय, तिचंही तसंच झालंय. डावी बाजू तुझी, ती शाबूत आहे. उजवी माझी."

"उजवं-डावं कळायला अकरा वर्षं लागली तुम्हाला," धाकटी म्हणाली. आवाजात हसू नव्हतं. "आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या वाकून बघितल्यात, ताई. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण तुमच्यासाठीच केली असावी."

"असेल."

"मला त्या दिवशी सगळं कळलं होतं. व्हॅनवाला उजव्या दाराशी उभा होता. ओरडून सांगता आलं असतं. पण म्हटलं, मी सांगून उपयोग काय? तुम्ही स्वतः बघायला हवं होतं." ती थांबली. "मग वाटलं, आठ दिवसांत बघतील. मग वाटलं, महिन्यात बघतील. मग मी वाट बघणं सोडून दिलं. आता येऊन सांगताय, तर मला राग आला पाहिजे का बरं वाटलं पाहिजे, तेच समजत नाहीये."

"दोन्ही येऊ दे," थोरली म्हणाली. "मी काही मागायला आले नाही. फक्त सांगायला आले. निळ्या गाडीच्या कमानीत तुझी वळी अजून आहे. शेवटच्या वळणासकट. बघायची असेल तर गाडी आठ दिवस वर आहे."

धाकटीने मशीनला हात घातला, म्हणजे बोलणं संपलं. थोरली निघाली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. थोरलीने उजवी सिल कापून काढली. कापलेला तुकडा जमिनीवर ठेवला तर त्यातून लाल भुगा पडत राहिला. शेजारच्या गल्लीतला वेल्डर आला. नवीन सिल जस्त चढवलेल्या पत्र्याची होती. थोरलीने त्याला आधी वेल्डच्या कडांचं जस्त घासायला लावलं आणि दारं सताड उघडली, कारण जस्त जळून जो पांढरा धूर होतो तो छातीत गेला की माणूस तापाने फणफणतो. वेल्डर कुरकुरला, "बाई, जस्त घासायचं होतं तर जस्ताचा पत्रा आणला कशाला?"

"जिथे वेल्ड होणार तिथलं जस्त तसंही जळून जाणार. बाकी ठिकाणचं राहतं ना? घासलेल्या जागी मी नंतर जस्ताचाच प्रायमर लावते. तू तोंडाला मास्क लाव आधी."

शुक्रवारी सकाळी वेल्डिंग संपलं. थोरली घासलेल्या उघड्या कडांना जस्ताचा करडा प्रायमर ब्रशने लावत होती, तेव्हा कुणीतरी दारातून आत आलं आणि सरळ गाडीखाली, डाव्या बाजूला जाऊन उभं राहिलं. थोरलीने मान वळवली नाही.

मग धाकटी म्हणाली, "तेव्हा डोळे काय होते माझे. चष्म्याशिवाय काढलीय ही."

"टोपीतून केस बाहेर होते तुझे. मी किती वेळा सांगायची."

"साहेबांचे बूट चमकतात त्याचं काही नाही, माझी एक बट दिसायची तुम्हाला." आणि दोघींना एकदमच हसू आलं. चौदा बॉनेट, चौदा खड्डे, आणि खाली बघणारे मास्तर. धाकटीने सांगितलं की मास्तर सहा वर्षांपूर्वी गेले. ती भेटायला गेली होती. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण खिडकीचा गज बघून म्हणाले, हा आतून सडलाय, बदलून घ्या. थोरलीला ते माहीत नव्हतं. तिने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. आपण फक्त जाऊ गमावली असं तिला वाटत होतं. जावेबरोबर आणखी कायकाय तिच्यापर्यंत यायचं थांबलं होतं ते आता कळत होतं.

"एप्रन आहे का?" धाकटीने विचारलं.

एप्रन खुंटीवर होता. थोरलीने तो दर दोन महिन्यांनी धुतला होता. का, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

पुढचे पाच दिवस दोघींनी काम केलं. जस्ताचा प्रायमर वाळला, त्यावर पत्रा घट्ट धरणारा इपॉक्सी प्रायमर चढला. सांधे बुजवायला धाकटीने पिचकारी मागितली, तेव्हा थोरलीने ती मुकाट्याने दिली. धाकटी उजव्या बाजूला आली आणि नव्या सिलच्या सांध्यावर वळी काढली. वळी कुठे तुटली नाही. मग खडीचा मार सोसणारा खरबरीत थर. त्याआधी थोरलीने कापूस घेतला, पाच वाती वळल्या, पाच फटींत घातल्या. धाकटी बघत होती. फवारून झाल्यावर थोरलीने वाती काढून तळहातावर मोजल्या आणि तळहात पुढे केला. "पाच."

"मी कुठे काय म्हटलं?" धाकटी म्हणाली.

मग बाहेरच्या बाजूला निळा रंग, दोन हात. त्यावर क्लिअर कोट, कारण नुसता रंग ऊन खातो आणि उडतो. रंग पूर्ण सुकल्यावर शेवटी मेण. लांब नळीच्या टोकाला बारीक तोंड, ती सिलच्या पोटात पार शेवटापर्यंत घालायची आणि फवारत फवारत हळूहळू मागे ओढायची. मेण सांध्यांत आपोआप झिरपत जातं, जिथे हौदातला रंगसुद्धा धड पोचत नाही तिथपर्यंत. थोरली नळी ओढत होती, धाकटी खालच्या फटींकडे बघत होती. एकेका फटीतून पिवळा थेंब उतरू लागला. "एक," धाकटी म्हणाली, "दोन. तीन. थांबा, जरा जास्त. चार. पाच. आली सगळी." मेण धरलं की पुन्हा तार फिरवून फटी मोकळ्या आहेत ना ते बघितलं. दुसऱ्या दिवशी वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाचही फटींतून ते सरळ जमिनीवर आलं आणि आत काही उरलं नाही.

नर्सबाई गाडी न्यायला आल्या, तेव्हा दोघी बाकावर बसून चहा पीत होत्या. नर्सबाईंनी उंबरठ्यावर पाय ठेवला, मग दोन्ही पाय ठेवले, मग चक्क तिथे उभ्या राहून अंगाचा भार टाकला. दबला नाही.

"किती वर्षं चालेल आता?" त्यांनी विचारलं.

"मिठागरांच्या रस्त्याने गेलात तर आल्यावर खालून साध्या पाण्याने धुवा," थोरली म्हणाली. "मीठ बसू देऊ नका. दर दोन वर्षांनी दाखवायला आणा. तुम्ही थकाल, गाडी थकणार नाही."

"मग दोन वर्षांनी तुम्ही दोघी असाल ना इथे?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. ते उत्तर तिचं नव्हतं.

"माझं दुकान आहे तिकडे," धाकटी कप खाली ठेवत म्हणाली. "रोज काही जमणार नाही. गुरुवारी माझी सुट्टी असते."

निळी गाडी वजनकाट्याला वळसा घालून रस्त्याला लागली. धाकटीने एप्रन काढला, घडी घातली, आणि खुंटीवर टांगायच्या आधी त्याचा खिसा उसवलेला दिसला म्हणून पिशवीत टाकून घरी घेऊन गेली. गुरुवारी शिवून आणला. त्या दिवशी एका ट्रॅव्हल्सवाल्याची गाडी लिफ्टवर होती. थोरली सवयीने उजवीकडे गेली, थांबली, आणि म्हणाली, "तू कुठली बाजू घेतेस?"

"डावीच," धाकटी म्हणाली. "सवय मोडत नाही आता. पण शेवटी तुमची बाजू मी तपासेन आणि माझी तुम्ही."